शोधनिबंधातल्या फक्त 'पद्धती'चा सारांश कसा लिहायचा: टप्पे, चुका आणि एक सोडवलेलं उदाहरण

प्रोजेक्ट सुरू करण्याआधी निबंध वाचून त्यांच्या संशोधन पद्धतीचा सारांश आणायला सांगितला की बहुतेक वह्यांत साधारण हाच मजकूर येतो: "या अभ्यासात ठिबक सिंचनाचा उसावरील परिणाम यादृच्छिक नमुना निवडीने अभ्यासला गेला. नमुना ६० होता. टी-चाचणी वापरली. ठिबकमुळे उत्पादनात वाढ दिसून आली." यातलं शेवटचं वाक्य पद्धतीचं नाहीच. आणि पहिली तीन वाचून अभ्यासाची रचना भक्कम आहे की पोकळ, हे गाईडलाही सांगता येणार नाही.

सारांशाची कसोटी साधी ठेवा. तो वाचून, मूळ निबंध न पाहिलेल्या मुलाला कागदावर त्या प्रयोगाचा नकाशा काढता आला पाहिजे: कुठला तुकडा कोणाला, किती तुकडे, कुठून काय मोजलं. नकाशा काढता येत नसेल तर सारांश अपुरा आहे. मग तो दोन ओळींचा असो की दोन पानांचा.

उदाहरण उसाचं घेतलंय, कारण सांगली-साताऱ्याकडच्या मुलांना शेत डोळ्यासमोर आणायला वेळ लागत नाही. शाळा, दवाखाना किंवा बचत गटावरचा अभ्यास असला तरी टप्पे तेच.

## सरावाचा उतारा

खालचा उतारा कुठल्या छापील निबंधातला नाही, सरावासाठी रचलाय. त्यातल्या चुका मात्र नेहमी भेटणाऱ्या आहेत. आधी एकदा सावकाश वाचा आणि रचना पटते का ते मनात ठरवून ठेवा.

"प्रस्तुत अभ्यास वाळवा तालुक्यातील एका प्रगतशील शेतकऱ्याच्या एक एकर क्षेत्रावर आडसाली हंगामात घेण्यात आला. को ८६०३२ या वाणाची रोपे पाच फुटी सरीवर दोन फूट अंतराने लावण्यात आली. नदीकडील २० गुंठ्यांत ठिबक सिंचनाद्वारे पाणी व विद्राव्य खते देण्यात आली. रस्त्याकडील २० गुंठ्यांत पारंपरिक पाटपाणी पद्धत ठेवून खते नेहमीप्रमाणे देण्यात आली. आंतरमशागत व पीक संरक्षण दोन्हीकडे शिफारशीनुसार केले. तोडणीच्या वेळी प्रत्येक भागातून यादृच्छिक पद्धतीने ३० ऊस निवडून त्यांची उंची, जाडी, कांड्यांची संख्या, वजन व ब्रिक्स नोंदवण्यात आले. एकूण नमुना ६० असून दोन गटांची तुलना टी-चाचणीने करण्यात आली. ठिबक सिंचन ही पाणी बचतीची आधुनिक पद्धत असल्याने तिची निवड करण्यात आली."

## तयारी

पूर्ण निबंध हातात घ्या. गोषवाऱ्यावरून पद्धतीचा सारांश लिहिता येत नाही. गोषवाऱ्यात पद्धतीला दोन वाक्यं मिळतात आणि तीही लेखकाला जे मिरवायचंय त्याची असतात. निबंधाला पुरवणी जोडलेली असेल तर तीही उतरवून घ्या. प्लॉटची मांडणी बऱ्याचदा तिथेच सापडते.

गोषवारा, निष्कर्ष आणि चर्चा झाकून टाका. मोबाईलवर वाचत असाल तर पद्धतीची पानं तेवढी छापून घ्या. निकाल एकदा डोळ्यांखालून गेला की पद्धतीतली भोकं दिसेनाशी होतात. उत्पादन वाढलं हे माहीत असलं की वाचणारा आपोआप 'बरोबरच केलं असणार' या बाजूला झुकतो.

कागदावर तीन रकाने आखा: 'काय केलं', 'किती, कुठे, कधी' आणि 'लिहिलेलं नाही'. तिसरा रकाना सगळ्यात रुंद ठेवा.

> इशारा: प्रबंधाचं 'संशोधन पद्धती' प्रकरण वाचत असाल तर सुरुवातीची पानं 'संशोधन म्हणजे काय', 'नमुना निवडीचे प्रकार' अशा व्याख्यांनी भरलेली असतात. त्यातलं एकही वाक्य सारांशात येता कामा नये. ते त्या अभ्यासात काय झालं हे सांगत नाही, पुस्तकात काय लिहिलंय ते सांगतं.

## टप्पा १: 'केलं' असं सांगणारी वाक्यं वेगळी काढा

पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याला विचारा: हे प्रत्यक्ष घडलं का, कुणीतरी हातांनी केलं का? 'लावण्यात आली', 'देण्यात आली', 'नोंदवण्यात आले' ही वाक्यं ठेवायची. आपल्या उताऱ्यातलं शेवटचं वाक्य, 'आधुनिक पद्धत असल्याने', सरळ कापायचं. ते समर्थन आहे. 'प्रगतशील' हे विशेषणही जातं, पण ते टाकताना थांबा. प्रगतशील शेतकऱ्याचं शेत म्हणजे सरासरी शेत नव्हे. विशेषण काढून त्याच्या जागी तिसऱ्या रकान्यात लिहा: शेतकरी कसा निवडला, ते लिहिलेलं नाही.

भविष्यकाळाकडे लक्ष ठेवा. 'शंभर शेतकरी निवडण्यात येतील' असं वाक्य पूर्ण झालेल्या प्रबंधात सापडलं तर ते सिनॉप्सिसमधून जसंच्या तसं आलेलं असतं. प्रत्यक्षात किती निवडले हे कोष्टकात शोधावं लागतं आणि दोन आकडे जुळतीलच असं नाही. जुळले नाहीत तर दोन्ही आकडे सारांशात लिहायचे.

## टप्पा २: दिलं कोणाला आणि मोजलं कोणाला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक सारांश इथेच चुकतात आणि बहुतेक कच्चे अभ्यासही इथेच उघडे पडतात.

दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पहिला: उपचार, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची ती गोष्ट, एका वेळी किती मोठ्या तुकड्याला दिली गेली? दुसरा: मोजमाप किती लहान गोष्टीचं झालं? आपल्या उताऱ्यात ठिबक २० गुंठ्यांच्या एका सलग तुकड्याला दिलंय. पाटपाणीही एकाच तुकड्याला. मोजलेत मात्र सुटे ऊस.

हे शिडीसारखं एकाखाली एक लिहून काढा:

- शेत: १
- उपचार मिळालेले तुकडे: २ (ठिबक १, पाटपाणी १)
- एका तुकड्यातली बेटं: सुमारे २,१७८
- मोजलेले ऊस: प्रत्येक तुकड्यातून ३०, एकूण ६०

बेट म्हणजे एका रोपातून फुटलेल्या उसांचा झुपका. बेटांचा आकडा उताऱ्यात दिलेला नाही, आपण काढलाय. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, वीस गुंठे म्हणजे २१,७८०. पाच फुटी सरी आणि दोन फूट अंतर म्हणजे एका रोपाला दहा चौरस फूट. भागाकार केला की झालं. अशी छोटी गणितं करत जा. एका बेटाला आठ-दहा ऊस धरले तर एका तुकड्यात सतरा ते बावीस हजार ऊस उभे असतील आणि त्यातले तीस मोजलेत, हे त्यातून कळतं.

"पण सर, साठ ऊस मोजले म्हणजे नमुना साठच ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण एकाच पातेल्यातली तीस शितं चेपली म्हणून तीस पातेली भात शिजत नाही. तीस ऊस एकाच तुकड्यातले, एकाच मातीतले, एकाच पाण्यावरचे. नदीकडची जमीन मुळात भारी असेल तर ते तीसही ऊस एकदमच जाड येतील. तीसच्या जागी तीनशे मोजले तरी नदीकडची माती आणि ठिबक यांची गाठ सुटत नाही. ठिबक एकदाच दिलंय, म्हणून ठिबकचा खरा नमुना एक. पाटपाण्याचाही एक.

सारांशात म्हणून 'नमुना ६०' असं कधीच लिहू नका. लिहायचं असं: "प्रत्येक पद्धतीला एक तुकडा, प्रत्येक तुकड्यातून ३० ऊस मोजले." एवढ्या एका वाक्याने वाचणाऱ्याला अर्धा निवाडा करता येतो.

हाच सांगाडा शाळेच्या अभ्यासात असा येतो: मिरजेतल्या एका शाळेत नवीन पद्धतीने गणित शिकवलं, दुसऱ्या शाळेत नेहमीच्या, आणि दोन्हीकडच्या चाळीस-चाळीस मुलांची परीक्षा घेतली. मुलं ऐंशी, पण पद्धत मिळाली एका शाळेला. शिक्षक, पालक, शाळेची वेळ सगळंच सोबत बदललं.

> तपासणी: तुमच्या शिडीत 'उपचार मिळालेले तुकडे' आणि 'मोजलेल्या वस्तू' यांचे आकडे वेगळे आहेत का? वेगळे असतील तर सारांशात दोन्ही आले पाहिजेत. शिडीतली एखादी पायरी निबंधात सापडत नसेल तर अंदाजाने भरू नका, तिसऱ्या रकान्यात टाका.

## टप्पा ३: कोणाच्या वाट्याला काय आलं, ते कसं ठरलं

'यादृच्छिक' हा शब्द दिसला की मुलं निश्चिंत होतात. तो शब्द कशाला चिकटलाय ते पाहा. आपल्या उताऱ्यात तो ऊस निवडण्याला चिकटलाय. ठिबक नदीकडे आणि पाटपाणी रस्त्याकडे, हे कसं ठरलं याबद्दल उतारा गप्प आहे. मोटर नदीकडे होती, पाइप कमी लागला, म्हणून ठिबक तिकडे गेलं असण्याची शक्यता कुठल्याही शेतकऱ्याला पटेल. पण आपल्याला ते माहीत नाही, आणि सारांशात तर्क लिहायचा नसतो. लिहायचं फक्त एवढं: "कोणता तुकडा ठिबकला द्यायचा हे कसं ठरवलं, ते दिलेलं नाही. ऊस यादृच्छिक निवडल्याचं म्हटलंय. निवडीची रीत दिलेली नाही."

वाटप यादृच्छिक असेल तर माती, उतार, सावली असे न मोजलेले फरकही दोन्ही बाजूंना वाटले जाण्याची संधी असते, आणि तीही तुकडे बरेच असतील तरच. मोजायच्या उसांची निवड यादृच्छिक असेल तर एवढंच कळतं की ते तीस ऊस त्या तुकड्याचे बऱ्यापैकी प्रतिनिधी आहेत. पहिलं काम दुसऱ्याने होत नाही. "यादृच्छिक नमुना निवडीने अभ्यास केला" या सारांशातल्या वाक्याने हे दोन्ही एकात कालवले जातात आणि कच्चा अभ्यास पक्का दिसू लागतो. म्हणजे दोष लेखकाचा, पण तो झाकला सारांश लिहिणाऱ्याने.

ही घसरण नवशिक्यांपुरती नाही. स्पेनमधला प्रेडिमेड हा भूमध्य सागरी आहारावरचा मोठा अभ्यास, ७,४४७ माणसांचा, २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. माणसं यादृच्छिक पद्धतीने गटांत वाटल्याचं त्यात म्हटलं होतं. पुढे लक्षात आलं की एका केंद्रावर माणसांऐवजी अख्खे दवाखानेच एकेका आहाराला दिले गेले होते, आणि काही घरांत दुसऱ्या सदस्याला वेगळं न वाटता पहिल्याच्याच गटात घातलं होतं. २०१८ मध्ये लेखकांनी तो निबंध मागे घेतला आणि विश्लेषण सुधारून पुन्हा छापला. वाटप नक्की कोणत्या पातळीवर झालं, हाच तो प्रश्न.

## टप्पा ४: दोन गटांत नेमकं काय काय वेगळं होतं

एका बाजूला ठिबक, दुसऱ्या बाजूला पाटपाणी, असा तक्ता करा आणि खाली एकेक ओळ भरा: पाणी देण्याची रीत, पाण्याचं एकूण प्रमाण, खताचा प्रकार, खताची मात्रा, खताचे हप्ते, लागणीची तारीख, तोडणीची तारीख, वाण, जमीन.

आपल्या उताऱ्यावरून तक्ता भरायला गेलात की पहिली ठेच खतालाच लागते. ठिबककडे विद्राव्य खतं, पाटपाण्याकडे 'नेहमीप्रमाणे'. म्हणजे पाण्याची रीत आणि खताचा प्रकार, दोन्ही एकदम बदललेत. 'नेहमीप्रमाणे' म्हणजे किती, किती हप्त्यांत, ते नाही. शिफारशीचा उल्लेख आंतरमशागत आणि पीक संरक्षणापुरता आहे, खतापुरता नाही. घाईत वाचणारा तो खतालाही लावून टाकतो.

यामुळे अभ्यास लगेच रद्द होत नाही, त्याचा प्रश्न बदलतो. तुलना 'ठिबक विरुद्ध पाटपाणी' अशी राहत नाही, 'ठिबक आणि विद्राव्य खत मिळून' विरुद्ध 'पाटपाणी आणि नेहमीचं खत' अशी होते. शेतकऱ्याला तसाही अख्खा संच घ्यायचा असेल तर हा प्रश्न चुकीचा नाही. पण सारांशात गटांची नावं लिहिताना अख्खा संच लिहा. लेखकाने शीर्षकात वापरलेलं सुटसुटीत नाव उचलू नका.

## टप्पा ५: मोजमाप

इथे पाच-सहा शब्दांची नोंद प्रत्येक मापाला पुरते: काय, कशाने, कधी, कोणी. उंची, जाडी, कांड्या, वजन, ब्रिक्स ही नावं आहेत. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, उसाच्या कोणत्या भागातून घेतला ते नाही. शेंड्याकडे आणि बुडख्याकडे तो सारखा नसतो. मोजणाऱ्याला कुठला ऊस कुठल्या भागातला हे माहीत होतं का, तेही नाही. आणि ३० ऊस आत सरीत शिरून घेतले की बांधाकडून हाताला आले ते, हे तर हवंच होतं. कडेच्या सरीला ऊन-वारा जास्त मिळतो, तिथला ऊस आतल्यासारखा नसतो, म्हणून चांगल्या प्रयोगात कडेच्या सऱ्या मोजणीतून वगळतात.

एक गोष्ट मात्र थांबून बघण्यासारखी आहे. या उताऱ्यात सुट्या उसाचं वजन मोजलंय, गुंठ्यातले गाळपालायक ऊस मोजलेले नाहीत. एकरी टनेज म्हणजे उसांची संख्या गुणिले एकाचं वजन. ठिबकवर फुटवे जास्त टिकले आणि एकेक ऊस थोडा हलका झाला तरी टनेज वाढू शकेल. उलट ऊस जड पण संख्या कमी, तर टनेज घटूही शकेल. तेव्हा सारांशात 'उत्पादन मोजले' असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल. 'एका उसाचं वजन मोजलं. एकरी उसांची संख्या किंवा टनेज मोजल्याचा उल्लेख नाही' हे खरं.

> इशारा: लेखकाने मोजलेल्या गोष्टीला दिलेलं मोठं नाव सारांशात नको. 'समाधान', 'जागरूकता', 'उत्पादकता' असे शब्द आले की मागे जाऊन बघा, प्रत्यक्षात कोणता प्रश्न विचारला किंवा कोणता काटा वापरला. तेच लिहा.

## टप्पा ६: विश्लेषण एका वाक्यात, आणि एक आकडा चोरून बघा

चाचणीचं नाव आणि ती किती आकड्यांवर चालवली, एवढंच हवं. 'टी-चाचणी वापरली' हे अर्धं झालं. 'प्रत्येक उसाला स्वतंत्र निरीक्षण धरून ६० आकड्यांवर टी-चाचणी' हे पूर्ण.

निकालाची पानं झाकायला सांगितली होती. इथे एका अपवादाला परवानगी. कोष्टकात स्वातंत्र्यांश, मुलांच्या भाषेत 'डीएफ', दिलेत का तेवढं पाहा. लेखकाने पद्धतीत काहीही लिहिलेलं असो, त्याने खरा नमुना काय धरला हे तो आकडा फोडतो. दोन गटांत मिळून ६० सुटे आकडे धरले तर डीएफ ५८ येतो. तोच प्रयोग चार जोड्यांत केला असता, प्रत्येक जोडीत एक ठिबकचा आणि एक पाटपाण्याचा प्लॉट, तर डीएफ ३ आला असता. यादृच्छिक गट रचनेचं, म्हणजे आरबीडीचं, सूत्र तुम्हाला माहीत आहे; t म्हणजे उपचारांची संख्या, r म्हणजे जोड्यांची:

```
error df = (t - 1)(r - 1) = (2 - 1)(4 - 1) = 3
```

फरक कागदोपत्री नाही. पाच टक्के पातळीवर टी-मूल्य ५८ डीएफला साधारण २.०० ओलांडावं लागतं, ३ डीएफला ३.१८. म्हणजे ऊस मोजून नमुना फुगवला की चाळण मोठ्या भोकांची होते आणि जे अडायला हवं तेही सुटून जातं.

## टप्पा ७: तिसरा रकाना आवरा

आतापर्यंत तिसऱ्या रकान्यात दहा-बारा नोंदी झाल्या असतील. सगळ्या सारांशात घालायच्या नाहीत. प्रत्येकीला विचारा: याचं उत्तर वेगळं निघालं तर माझं रचनेबद्दलचं मत बदलेल का? लागणीची रोपं कोणत्या नर्सरीतली हे कळलं नाही, तरी दोन्हीकडे तीच असतील तर फरक पडत नाही. दोन्ही भागांची तोडणी एकाच दिवशी झाली का, याने मात्र पडतो. आडसाली उसात महिनाभर उशिरा तोड म्हणजे वजनही बदलतं आणि ब्रिक्सही. अशा पाच-सहा नोंदी ठेवा.

'लिहिलेलं नाही' आणि 'केलेलं नाही' यात गल्लत करू नका. माती परीक्षणाचा उल्लेख नाही याचा अर्थ ते केलं नाही असा होत नाही. नियतकालिकाच्या पानमर्यादेत कितीतरी गोष्टी गळतात.

## टप्पा ८: सारांश लिहा

क्रम असा: ठिकाण व हंगाम, तुकडे आणि वाटप, गटांतला फरक, मोजमाप, विश्लेषण, आणि शेवटी न लिहिलेलं. शंभर शब्दांच्या आसपास. आपल्या उताऱ्याचा सारांश असा होतो:

"वाळवा तालुक्यातील एका शेतकऱ्याचे एक एकर शेत, आडसाली हंगाम, वाण को ८६०३२, ५ × २ फूट लागण. शेताचे दोन सलग तुकडे, प्रत्येकी २० गुंठे. नदीकडील तुकड्याला ठिबक व विद्राव्य खत, रस्त्याकडील तुकड्याला पाटपाणी व नेहमीचे खत. प्रत्येक पद्धतीला एकच तुकडा. आंतरमशागत व पीक संरक्षण दोन्हीकडे शिफारशीनुसार. तोडणीवेळी प्रत्येक तुकड्यातून ३० ऊस यादृच्छिक घेतल्याचे नमूद. उंची, जाडी, कांड्या, एका उसाचे वजन व ब्रिक्स मोजले. प्रत्येक ऊस स्वतंत्र धरून ६० आकड्यांवर टी-चाचणी. दिलेले नाही: तुकड्यांचे वाटप कसे ठरले, दोन्ही तुकड्यांची माती सारखी होती का, दोन्हीकडची खताची मात्रा, कडेच्या सऱ्या वगळल्या का, तोडणीच्या तारखा, एकरी उसांची संख्या."

यात 'दुर्दैवाने', 'उत्तम', 'चुकीचे' असा एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला हवं ते सगळं मिळतं. लेखकाच्या शब्दांपेक्षा तुमची वाक्यं गुळगुळीत होत असतील तर सावध व्हा. 'नदीकडील' आणि 'रस्त्याकडील' हे खडबडीत शब्द 'दोन समान भाग' असे घासून टाकलेत, तर सगळ्यात महत्त्वाचा धागा हरवेल. समान आहेत हे कुणी दाखवलंय?

> तपासणी: निबंध न वाचलेल्या मैत्रिणीला किंवा मित्राला फक्त हा सारांश द्या आणि शेताचा नकाशा काढायला सांगा. नकाशात दोन चौकोन आले आणि प्रत्येकात तीस ठिपके आले, तर सारांश बरोबर. साठ वेगवेगळे ठिपके विखुरलेले आले, तर टप्पा २ पुन्हा करा.

## टप्पा ९: निवाडा, पण रेघ ओढून खाली

सारांशाखाली रेघ ओढा आणि मग मत लिहा. वर मिसळलंत तर व्हायव्हात 'हे लेखकाने म्हटलंय की तुम्ही?' या प्रश्नावर अडकाल.

सापडलेले दोष तीन ढिगांत टाका. पहिल्या ढिगात, विचारून भरता येतील असे: तोडणीच्या तारखा, खताची मात्रा, कडेच्या सऱ्या. दुसऱ्यात, दावा लहान केला की चालतील असे: ठिबक आणि खत एकदम बदलणं, टनेजऐवजी एका उसाचं वजन. तिसऱ्यात, काहीही करून न सुटणारे. प्रत्येक पद्धतीला एकच तुकडा हा तिसऱ्या ढिगातला आहे. कुठलीही चाचणी, कुठलंही सॉफ्टवेअर नदीकडची माती आणि ठिबक वेगळं करून देणार नाही. या अभ्यासावरून एवढंच म्हणता येतं: या शेतात, त्या हंगामात, नदीकडचा ऊस आणि रस्त्याकडचा ऊस असे असे होते.

मत लिहिताना 'काय केलं असतं तर चाललं असतं' हेही दोन ओळींत लिहा. त्यानेच कळतं की तुम्हाला दोष खरंच समजलाय. त्याच एकराचे पाच-पाच गुंठ्यांचे आठ प्लॉट पाडता आले असते, पन्नास फूट रुंद म्हणजे दहा सऱ्या आणि सुमारे १०९ फूट लांब. नदीपासून रस्त्याकडे जाताना शेजारशेजारच्या दोन प्लॉटची एक जोडी, अशा चार जोड्या. प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाकून ठिबक कोणाला ते ठरवायचं. पाटाचं पाणी शेजारी झिरपतं, म्हणून दोन्ही कडेच्या दोन-दोन सऱ्या सोडून मधल्या सहा मोजायच्या. प्रत्येक प्लॉटमधल्या उसांची सरासरी काढून विश्लेषणाला आठच आकडे द्यायचे. ठिबकला प्रत्येक प्लॉटसाठी वेगळा व्हॉल्व्ह लागेल, खर्च आणि कटकट वाढेल, हे खरं. आणि चार जोड्याही कमीच. जमेल तिथे जोड्या वाढवाव्यात.

## उपचारच नसेल तर

सर्वेक्षणात कोणी कोणाला काही दिलेलं नसतं, म्हणून टप्पा २ आणि ३ थोडे बदलतात. 'वाटप' या जागी 'यादी' बसवा: नमुना कोणत्या यादीतून काढला? साखर कारखान्याच्या सभासद यादीतून शेतकरी निवडले असतील तर बिगरसभासद आणि वाट्याने करणारे यादीबाहेरच राहिले, मग निवड कितीही यादृच्छिक असू दे. किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. बाकी टप्पे जसेच्या तसे.

## लेखकाला विचारायचं असेल तर

पहिल्या ढिगातल्या प्रश्नांसाठी निबंधावर दिलेल्या पत्त्यावर पत्र किंवा मेल पाठवायला हरकत नाही. आरोपाचा सूर नको आणि दोनापेक्षा जास्त प्रश्न नकोत. "आपल्या निबंधातील पद्धतीचा अभ्यास करत आहे. दोन्ही भागांची तोडणी एकाच दिवशी झाली होती का, आणि मोजणीतून कडेच्या सऱ्या वगळल्या होत्या का, हे कळवल्यास उपकृत होईन." एवढं पुरे. उत्तर आलं तर ते सारांशाच्या मजकुरात मिसळू नका. खाली 'लेखकाने पत्राने कळवले' अशी वेगळी ओळ करून तारीख टाका आणि पत्राची प्रत वहीला जोडा.